क्रूड ऑइल मिनी, खरेदी – बुधवार, दुपारी ४:१०

तीन दिवस ५,६९० ला विक्री येत होती. आज तासाची कँडल वर बंद झाली, व्हॉल्यूमही वाढला. परत खाली येऊन ५,६९० टिकली, तरच ५,६९८ ला घ्यायचं.

चूक ठरवणारा भाव: ५,६६२. ब्रेकआउटच्या कँडलचा लो ५,६६४; तो तुटला म्हणजे खरेदीदार उरला नाही. कँडल बंद व्हायची वाट बघायची नाही. ट्रिगर ५,६६२, लिमिट ५,६५६. भाव लिमिटखाली उडाला तर ऑर्डर तशीच पडून राहते. लगेच मार्केटला काढ.

स्टॉप लागला तर तोटा: ३६ रुपये × १० बॅरल × १० लॉट = ३,६००. चार लाखांच्या भांडवलावर एक टक्क्याच्या आत. टार्गेट ५,७७०. रात्री ८ ला अमेरिकी साठ्याचा आकडा. ७:४५ पर्यंत ५,७३० नाही दिसला तर पाच लॉट कमी. स्टॉप खाली सरकवायचा नाही, अ‍ॅव्हरेज नाही.