साजाच्या डिझाईनवर: गळा, वजन आणि मधली पानडी

गुजरी, कोल्हापूर
सोमवार, रात्री

चि. पोरीस आशीर्वाद,

कागलच्या नवरीच्या साजाचं डिझाईन तू शनिवारी पाठवलंस. दोन दिवस ते पेढीवर समोर ठेवून काम केलं. कुणाला उत्तर द्यायची घाई नसली की चित्र नीट दिसतं. आधी एक सांगतो. हात चांगला बसलाय तुझा. पानांचा उतार, म्हणजे मधे मोठी आणि मागं जाताना लहान होत जाणारी रांग, हे शिकवून येत नाही. पण हे चित्र असंच कारागिराच्या पाटावर द्यायचं नाही. का, ते खाली लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण आकडे फोनवर राहत नाहीत.

पहिल्यांदा मी साजाच्या मधोमध लटकणारी पानडी बघितली. तू चित्र दुप्पट आकारात काढलंयस, ते बरोबरच आहे, पण त्यातच फसायला होतं. मी झेरॉक्सवाल्याकडून ते निम्मं करून आणलं, पानडी कात्रीनं कापली, मामीच्या पदराला टाचणीनं लावली आणि समोरच्या पाटावरच्या कारागिराला विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, "घुबड." चेष्टा नव्हती ती. दोन हत्तींची गोल गंडस्थळं दोन डोळे झाली आणि मधल्या कमळाची कळी चोच झाली. मी पुन्हा बघितलं, मलाही घुबडच दिसलं. आता तुलाही दुसरं काही दिसणार नाही.

दोष हत्तींचा नाही. गजलक्ष्मीची कल्पना मला मनापासून आवडली. अंबाबाईच्या गावची पोर सासरी जाताना गळ्यात लक्ष्मीचे हत्ती घेऊन जाते, यापरतं काय हवं? दोष गर्दीचा आहे. चाळीस मिलिमीटर रुंदीत तू दोन हत्ती, कमळ, वर चंद्रकोर, सूर्य, कडेला मोरपिसं, रव्याची किनार आणि तांबडा-हिरवा खडा एवढं सगळं बसवलंस. प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर सुबक. पण लग्नात हा दागिना हातात घेऊन कोण बघणार? हळदी-कुंकू लावायला पुढं आलेली बाई दोन हातांवरून बघते, फोटोवाला त्याहून लांबून. तिथून एकच गोष्ट ओळखू यायला हवी.

म्हणून असं कर. चंद्र पानडीतून काढ, तो पानांत आहेच. साजातली खूण साजातच दोनदा आली की दोन्ही ठिकाणी हलकी होते. सूर्य आणि मोरपिसं काढ. कमळ हत्तींच्या मधून खाली घे, पायाखाली, उमललेलं आणि पसरट. मधली जागा मोकळी सोड. हत्तींची तोंडं एका बाजूनं दिसू देत, समोरून नकोत, म्हणजे गंडस्थळाचे डोळे होणार नाहीत. सोंडा वर जाऊन एकमेकींना टेकल्या की आपोआप कमान तयार होते. त्या कमानीतून मागचा गळा दिसेल. सोन्याच्या मधली मोकळी जागा नक्षीपेक्षा जास्त बोलते.

सोंडेची जाडी प्रत्यक्ष मापात सव्वा मिलिमीटरच्या खाली नेऊ नकोस. तू दातांना आणि झुलीला ज्या रेघा दिल्यास त्या निम्म्या केल्यावर केसासारख्या होतात. पत्र्यावर उठाव देताना त्या येतील, पण पॉलिशचा एक हात फिरला की निम्म्या जातील आणि चार वर्षं वापरल्यावर झूल सपाट होईल. झुलीला तीन जाड पट्टे पुरे.

खड्यांचंही तेच. साजाच्या एकवीस पानांचा हिशेब आपल्याकडं ठरलेला आहे: दहा दशावताराची, आठ अष्टमंगळाची, माणिक-पाचूची दोन आणि एक डोरल्याचं. डोरल्याच्या पानाच्या जागी तू मधोमध पानडी घेतलीस, चालेल, पार्टीनंच तसं मागितलंय. पण रंग हा त्या माणिक-पाचूच्या दोन पानांचा मान आहे. तोच रंग पानडीत घेतलास तर ती दोन पानं कशाला? पानडी निव्वळ सोन्याची ठेव आणि ती दोन पानं तिच्या डाव्या-उजव्या हाताला आण. रंगाच्या मधे सोनं उजळतं.

आता गळा. नवरीच्या आईनं दिलेल्या मापात ब्लाऊजचा पुढचा गळा खांद्यापासून सात इंच आहे. मामीला तशाच गळ्याचा ब्लाऊज घालायला लावून मी टेपनं बघितलं. कंठाच्या खळगीपासून काठापर्यंत दहा सेंटीमीटर मोकळी जागा राहते, जास्त नाही. तू साज अठरा इंचाचा धरलायस. अठरा इंचाचा दोरा घालून बघितला तर तो समोर खळगीच्या खाली पाच सेंटीमीटरवर येतो. त्याखाली तुझी पानडी बासष्ट मिलिमीटर. म्हणजे टोक काठ ओलांडून बारा मिलिमीटर खाली, बरोबर जरीच्या पट्ट्यावर.

ही सगळ्यात वाईट जागा. दागिना काठाच्या वर सुटा राहावा नाहीतर चांगला वीतभर खाली लोंबावा. काठावरच टेकला की धड गळ्यातला दिसत नाही, धड छातीवरचा दिसत नाही. वर जरीत अडकतो. माझ्या उमेदीच्या काळात मी केलेल्या एका हाराचं टोक नवरीच्या पैठणीच्या काठात सप्तपदीतच गुंतलं होतं. करवलीनं नखानं सोडवताना जरीची तार ओढली गेली. त्या घरचे काही बोलले नाहीत, पण मला अजून आठवतं.

साज सतरा इंचाचा कर. एक इंच कमी केला की समोर जवळजवळ निम्मा, म्हणजे बारा मिलिमीटर, वर येतो. दोऱ्यानं ताडून बघितलंय. पानडी बेचाळीस बाय तीसची कर. अडतीसवर दोरी, त्याखाली बेचाळीस, मिळून ऐंशी. काठापर्यंत वीस मिलिमीटर, बोटभर जागा उरते. वर खळगीशी ठुशी बसणार आहे हेही विसरू नकोस. तू साज एकटाच काढलायस, पण नवरी एकटा साज कधी घालत नाही. पुढच्या चित्रात ठुशी आणि मंगळसूत्र फिक्या पेन्सिलीनं दाखव, म्हणजे साजाच्या वाट्याला किती जागा येते ते तुझं तुलाच कळेल.

पानं बारा मिलिमीटर रुंद आहेत. वीस पानं, पानडी आणि चव्वेचाळीस जवमणी मांडले तर ओळ चारशे बारा मिलिमीटर होते. अठरा इंचातही मागं दोरीला पंचेचाळीसच उरतात. शेवटची पानं मानेवर, अंबाड्याखाली येऊन टोचणार. पानं दहा बाय बाराची कर. मग ओळ तीनशे बासष्ट होते आणि सतरा इंचात मागं सत्तर मिलिमीटर सरकत्या दोरीला मिळतात. मान मोकळी राहील.

वजनाशी मी आलो तेव्हा मात्र पेन खाली ठेवला. तू कोपऱ्यात लिहिलंयस "अंदाजे 45 ग्रॅम", आणि बाजूला "कास्टिंग, 1.2 मिमी". हे दोन्ही एकत्र होत नाही, पोरी. बावीस कॅरेट सोनं घन सेंटीमीटरला साधारण 17.7 ग्रॅम भरतं. तुझ्या मापाचं एक भरीव पान 2.7 ग्रॅम, वीस पानं चौपन्नच्या आसपास, आणि पानडी एकटी एकोणचाळीसच्या वर. मणी आणि कड्या न धरता त्र्याण्णव! सगळं धरून शंभरच्या पुढं. नवरीच्या वडिलांनी पंचेचाळीसचं सोनं सांगितलंय आणि तेवढ्याचीच तजवीज केलीय. कारागिरानं हे करायला घेतलं असतं तर अर्ध्यातच त्यांच्याकडं जाऊन तोंड उघडावं लागलं असतं.

पैशाचं बाजूला ठेवलं तरी अंगावरचं ओझं राहतंच. ठुशी, मंगळसूत्र, साज, वरून मुंडावळ्या आणि हार, सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत. शिवाय एवढी जड पानडी मधोमध लटकली की दोरीचा गोल मोडतो, त्याचा कोन होतो आणि बाजूची पानं घसरून मधे गोळा होतात. तू काढलेला सुरेख उतार पहिल्या तासातच जाईल.

आपला साज हलका का राहिला, तर तो पोकळ करून आत लाख भरतात म्हणून. तसाच कर. पानांना 0.18 मिमी पत्रा, दोन्ही बाजू आणि कड धरून पान सव्वानऊशे मिलिग्रॅमच्या आत बसतं. वीस पानं साडेअठरा ग्रॅम. पानडीला 0.20 पत्रा, सोनं साडेआठ. जवमणी अकरा, कड्या आणि बाकीचं चार. बेचाळीस होतात, तीन ग्रॅम हाताशी राहतात. लाख बारा-तेरा ग्रॅम धर. गळ्यात पंचावन्न ग्रॅमचा साज, त्यात पानडी साडेबारा. दोरी गोलच राहील.

तीन ग्रॅम उरले म्हणून नक्षी वाढवू नकोस. ते जोडाच्या डाकाला आणि कामातल्या घटीला लागतात.

चित्रावर दोन गोष्टी लिही, कारण कारागीर चित्रच वाचतो. एक, सगळ्या कड्यांना डाक आधी आणि लाख नंतर. लाख भरल्यावर आच लावता येत नाही. दुसरं, पानडीला तू वर एकच कडी दिलीयस, तिथं दोन दे, दोन्ही हत्तींच्या पाठीच्या वर. एका कडीवर पानडी गिरकी घेते आणि नवरीच्या फोटोत उलटी येते.

निव्वळ सोन्याचं वजन आणि लाखेचं वजन वेगळं लिहून पार्टीला दे, ऑर्डर पक्की करायच्या आधी. मोडीला आल्यावर लाख निघते आणि मग माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. आपल्या पेढीवर ते होता कामा नये.

अवतारांच्या पानांबद्दल एवढंच: मासा आणि कासव दहा मिलिमीटरात छान ओळखू येतात. नरसिंह-वामन अख्खे काढायला जाऊ नकोस, त्यांची खूणच घे. बाकी पानांना मी हात लावत नाही.

नवीन चित्र खऱ्या मापात काढ आणि पानडी जाड कागदाची कापून आण. गुरुवारी नवरी आणि तिची आई ब्लाऊजच्या ट्रायलला टेलरकडं येणार आहेत. तू दहाला तिथंच ये, मी दोरा आणि टेप घेऊन येतो. नवरीच्याच गळ्यावर बघू आणि मग दोरी ओवणाऱ्या पटवेकऱ्याला माप देऊ.

मामी विचारतेय, जेवायला थांबशील का.

तुझा
मामा