ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी आलेले पोर्टफोलिओ: माझा अभिप्राय

दादा,

तिन्ही पोर्टफोलिओ पाहिले. आपलं काम म्हणजे मसाल्या-चटण्यांचे पाऊच, दुकानातली पोस्टरं आणि सणासुदीला व्हॉट्सॲपवर टाकायची चित्रं, तेही मराठीत. तेवढंच डोळ्यासमोर ठेवलं.

मुंबईच्या उमेदवाराचं काम पाहताक्षणी आवडतं. तुम्हालाही तोच आवडला असणार. पण कॉफी, साबण, चप्पल, सगळ्याला तोच फिकट रंग आणि तीच बारीक अक्षरं. पाऊचची मागची बाजू एकाही कामात नाही. घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, परवाना क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर बसवताना खरा घाम निघतो. बहुतेक कामं काल्पनिक ब्रँडची आहेत. नवख्याचं तसं चालतं, पण ती कशी घडली याची एकही पायरी दाखवलेली नाही.

सांगलीचे गृहस्थ बॅनर, पत्रिका, कॅलेंडर सगळं करतात आणि झपाट्याने करतात. पॅकेजिंग मात्र नाही. दिवाळीच्या गर्दीत बाहेरून काम द्यायला उत्तम.

नाशिकच्या उमेदवाराचं पापडाचं काम जरूर बघा, पान ९ पासून. सहा चवी आणि बजेट तोकडं. पाऊचच्या ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. तिने बाकीचे रंग सगळ्या चवींना सारखे ठेवले. चवीचं नाव आणि पट्टा तेवढा एका रंगात घेतला, म्हणजे चव बदलली की एकच सिलिंडर बदलायचा. ग्राहकाने नाकारलेले दोन आराखडेही कारणांसकट लावलेत. काळ्यावर पांढरी बारीक देवनागरी छापताना शाई पसरून अक्षरं बुजली, म्हणून तिने आकार वाढवला. आधीचा आणि नंतरचा नमुना शेजारी शेजारी आहे. ‘लसूण’मधला ल मराठी वळणाचा आहे. फाँट बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल देतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हिच्या आलं. ‘चित्रं दुसऱ्याची, मांडणी माझी’ असं स्वच्छ लिहिलंय, तेही मला आवडलं.

उणं म्हणाल तर सणांची चित्रं अगदीच साधी आहेत, आणि आवाका लहान: पॅकेजिंग सोडलं तर फार काही नाही. तरी माझं मत तिच्याच बाजूने. पोस्टर शिकवता येईल, मागच्या बाजूची चिकाटी शिकवणं अवघड.

मुलाखतीआधी तिला आपल्या काळ्या मसाल्याच्या पन्नास ग्रॅमच्या पाऊचची मागची बाजू करायला द्या. दोन दिवसांची मुदत आणि मानधन आधीच सांगा. फुकट करून घेऊ नका. मजकूर आहे तसाच, म्हणजे जागेपेक्षा जास्त, पाठवा. ती काय विचारते ते मला कळवा.