क्रीडा साहित्याची सद्यस्थिती आणि खरेदीस मंजुरी मिळणेबाबत

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५
नागपूर

प्रति,
मा. मुख्याध्यापिका मॅडम

विषय : क्रीडा साहित्याची सद्यस्थिती आणि खरेदीस मंजुरी मिळणेबाबत

महोदया,

शनिवारी शाळा सुटल्यावर क्रीडा साहित्याची खोली पूर्ण रिकामी करून प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीशी ताडून पाहिली. तालुकास्तरीय शालेय स्पर्धा तोंडावर असल्याने हे पत्र तातडीने देत आहे.

सुस्थितीत असलेले साहित्य : खो-खोचे दोन्ही खांब, कबड्डीच्या मॅट, ४० लेझीम, २२ दोरीउड्यांच्या दोऱ्या, थाळी ४, रिले बॅटन ८, क्रिकेटच्या ३ बॅट, कॅरम ४.

फुटबॉल नोंदीप्रमाणे १४ आहेत, वापरता येतात ५. दोन मी बर्डीवरून शिवून आणले, बाकीच्यांत हवाच टिकत नाही. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या उन्हाने त्यांचे आवरण तडकले आहे. व्हॉलीबॉल ६ पैकी २ चांगले आहेत. जाळी उंदरांनी तीन ठिकाणी कुरतडली आहे, गाठी मारून काम चालवतो आहे.

सर्वांत काळजी उंच उडीच्या गादीची आहे. रेक्झिन मधोमध फाटले असून पावसाचे पाणी शिरून फोम बसला आहे. मागच्या मंगळवारी नववीची एक मुलगी दांडी अगदी स्वच्छ ओलांडून गेली, पण खाली पडताच कोपर फरशीला लागून सोलवटले. तिला मी स्वतः मलमपट्टी केली, पालकांना फोन केला आणि त्या दिवसापासून उंच उडीचा सराव बंद ठेवला आहे. चार मुली या प्रकारात तयार होत आहेत. त्यांना नुसती धावायला लावणे मनाला पटत नाही.

गोळाफेकीत १७ वर्षांखालील मुलांसाठी ५ किलोचा गोळाच आपल्याकडे नाही, मुले ४ किलोच्या गोळ्यावर सराव करतात. मुलींचा ३ किलोचा गोळा हरवला आहे. तो माझ्या ताब्यातील साहित्यातून गेला, त्याची जबाबदारी माझी आहे. शिवाय गेल्या महिन्यात आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यापासून पाचवी-सहावीची मुले मधल्या सुटीत बुद्धिबळाचे पट मागायला येतात. पट तीनच आहेत, त्यातल्या एकाचा वजीर नाही.

मागणी (तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दराने) :

उंच उडीची गादी १ – रु. २८,०००
फुटबॉल ६ – रु. ५,१००
व्हॉलीबॉल ४ – रु. ३,६००
व्हॉलीबॉल जाळी १ – रु. १,४००
गोळे, ५ व ३ किलो – रु. १,८००
बुद्धिबळ संच १० – रु. ३,५००
एकूण – रु. ४३,४००

एकदम एवढी रक्कम शक्य नसेल तर गादी आणि गोळे आधी घ्यावेत. फुटबॉल दिवाळीनंतर आले तरी मी निभावून नेईन. जुन्या गादीच्या व फुटबॉलच्या निर्लेखनाचा प्रस्ताव सोबत जोडला आहे. खरेदीस मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
क्रीडा शिक्षक

सोबत : दरपत्रके ३, साठा नोंदवहीची प्रत, निर्लेखन प्रस्ताव