आबांच्या आजाराविषयी, ताईंसाठी

ताई,

काल संध्याकाळी आबांच्या रिपोर्टविषयी मी तुम्हाला जे सांगितले, ते अशा वेळी बोलण्यासाठी आमच्याकडे ठरवून ठेवलेल्या मजकुरातले होते. "स्वादुपिंडाच्या शीर्षभागी घातक अर्बुद असून यकृतात दूरस्थ प्रसार आढळला आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया संभवत नाही," असे मी म्हणाले, तुम्ही मान डोलावली, आणि फायलींची पिशवी आवरता आवरता मला विचारलेत, "मग डॉक्टर, कावीळ कधी उतरेल?" तेव्हा माझ्या लक्षात आले की मी बोलले खरे, पण तुमच्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. ही चूक माझी आहे. म्हणून तेच सगळे साध्या शब्दांत लिहून देत आहे. मुलगा किंवा दीर जवळ असताना हे वाचा, आणि एका बैठकीत वाचवले नाही तर मध्येच ठेवून द्या.

बातमी चांगली नाही, ताई. आबांना कॅन्सर आहे, आणि तो पूर्ण बरा करता येईल असे औषध किंवा ऑपरेशन आज आमच्याकडे नाही, मुंबईलाही नाही.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, अन्न पचवणारा रस आणि साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन तयार करणारी एक लांबट ग्रंथी असते. तिला स्वादुपिंड म्हणतात. त्या ग्रंथीच्या उजव्या टोकाला गाठ झाली आहे. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी नेमकी तिथूनच जाते, आणि गाठीने ती नळी दाबून धरली. पाटाच्या तोंडाशी दगड अडकला की पाणी मागे तुंबते, तसे पित्त मागे तुंबून रक्तात उतरले. म्हणून डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढरट होऊ लागले, रात्रभर अंग खाजू लागले. कावीळ हा आबांचा आजार नव्हता, ती त्या गाठीची खूण होती. गेल्या आठवड्यात तोंडातून दुर्बीण घालून आम्ही त्या नळीत जी छोटी पोकळ नळी बसवली, तिच्यामुळे पित्ताला वाट मिळाली आहे. रक्तातली कावीळ 18 वरून 9 वर आली आहे आणि आणखी उतरेल. तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे सांगते. पण कावीळ उतरली म्हणजे आजार गेला, असे कृपा करून समजू नका.

ऑपरेशन का नाही, हे तुमच्या मुलाने फोनवर दोनदा विचारले. गाठ एकाच जागी असती तर आम्ही त्याचा विचार नक्की केला असता. परंतु तिच्यातल्या पेशी रक्तावाटे यकृतात पोहोचल्या आहेत. सीटी स्कॅनमध्ये तिथे डाग दिसले, आणि सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत ते याच आजाराचे असल्याचे पक्के झाले. आता मूळ गाठ काढली तरी यकृतातला आजार तिथेच राहील, आणि एवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून सावरण्यात आबांचे जे आठवडे जातील, ते त्यांना परत मिळणार नाहीत. तुमच्याकडे पैसे कमी आहेत म्हणून मी नाही म्हणत नाही. पैसे असते तरी मी हेच सांगितले असते.

तुमच्या मनात एक बोच आहे, ती मला सिस्टरांनी सांगितली. सुरुवातीचे पंधरा दिवस गावाकडे काविळीचे झाडपाल्याचे औषध दिले, त्यात वेळ गेला आणि म्हणून हे झाले, असे तुम्हाला वाटते. तसे नाही. हा आजार पोटाच्या आत खोलवर गुपचूप वाढतो आणि बहुतेकांना कळतो तोवर पसरलेला असतो. दिवाळीत आबांची साखर अचानक वाढलेली निघाली, तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरले, केळीच्या बागेतल्या कामाने पाठ धरली असे सगळ्यांना वाटत होते. या सगळ्यामागे बहुधा हीच गाठ होती, आणि ते तेव्हा भल्याभल्या डॉक्टरांच्याही ध्यानात आले नसते. त्या पंधरा दिवसांचे ओझे तुम्ही वाहू नका. मात्र यापुढे ते औषध थांबवा, कारण यकृत आधीच थकलेले आहे. हा आजार स्पर्शाने किंवा उष्ट्याने लागत नाही. एका ताटात जेवलात तरी चालेल.

आता पुढचे. कावीळ पुरेशी उतरली आणि अंगात ताकद दिसली, तर सलाईनमधून द्यायची केमोथेरपी सुरू करता येईल. तिने आजार जात नाही. काहींमध्ये तो काही काळ रोखला जातो, त्रास कमी होतो आणि आयुष्य थोडे वाढते. थकवा, मळमळ, तोंड येणे हे तिचे त्रास आहेत. ती घ्यायची की नाही हे आबांनी ठरवायचे आहे, आणि नको म्हणाले तरी आमचे उपचार थांबणार नाहीत. दुखणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या देऊ. नाव ऐकून घाबरू नका. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. त्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होते, म्हणून सोबतचे पातळ औषध रोज द्यायचेच. जेवणाबरोबर पचनाच्या कॅप्सूल दिल्या की भाकरी, खिचडी, आवडत असेल तर थोडे भरीतही पचेल. थोडे थोडे, पाच-सहा वेळा द्या, आणि खाल्ले नाही म्हणून रागावू नका.

थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले, तर बसवलेली नळी तुंबली असे समजून रात्र असली तरी घेऊन या. सकाळची वाट पाहू नका.

किती दिवस, हे तुम्ही विचारले नाहीत, पण दाराशी थांबला होतात. नेमका आकडा मला सांगता येत नाही. तरी हिशेब वर्षांचा नाही, महिन्यांचा आहे. आखाजीला लेकी माहेरी येणार असतील, तर यंदा त्यांना चार दिवस आधीच बोलवा.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचे असल्यास जरूर दाखवा, मला वाईट वाटणार नाही. स्कॅनच्या फिल्म आणि तुकड्याच्या काचपट्ट्या मी बांधून देते. पण त्याआधी शेत गहाण ठेवू नका. रेशनकार्ड आणि आधार घेऊन खाली आरोग्यमित्रांना भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसते ते ते पाहून सांगतील.

राहिला आबांचा प्रश्न. त्यांना काही सांगू नका, असे तुमच्या दिरांनी मला बजावले आहे. त्यामागची माया मला कळते. परंतु आज सकाळी खिडकीच्या उजेडात स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहत आबांनी मला विचारले, "पुढच्या कापणीला मी बागेत असेन ना?" मी उद्या सांगते म्हणाले. ते विचारतील तेवढेच सांगेन, विचारणार नाहीत ते लादणार नाही, पण खोटे बोलणार नाही. बागेचा, पोरांचा, घराचा काही निरोप त्यांना द्यायचा असेल, तर त्यासाठी त्यांना खरे कळायला हवे.

उद्या अकरा वाजता राउंड संपल्यावर मी त्यांच्या खाटेजवळ बसणार आहे. तुम्ही त्यांच्या उशाशी बसा. बोलायचे ते मी बोलेन. तुम्ही फक्त त्यांचा हात धरून ठेवा.

तुमच्या डॉक्टर