पाच बाटल्यांच्या पानांसाठी ए प्लस कंटेंटचा आराखडा

कॉपी, डिझाइन आणि लिस्टिंग, तिघांसाठीही

अॅमेझॉनवर ब्रँड रजिस्ट्रीचं काम मार्गी लागलं आणि सेलर सेंट्रलमध्ये ए प्लसचा, म्हणजे बाटलीच्या पानावर चित्रं, मजकूर आणि तक्ता लावण्याचा, पर्याय उघडला. जुन्या फायलींत याच गोष्टीचं नाव ईबीसी असं सापडेल, गोंधळू नका. पहिल्या फेरीत फक्त सर्वांत जास्त खपणाऱ्या पाच बाटल्या घेतोय.

या पाचांच्या पानावर माणसं आपणहून येतात. त्यांना बाटली घ्या म्हणून गळ घालायची गरज नाही. अडचण वेगळीच आहे: काही जण चुकीची बाटली घेऊन जातात. परत आलेल्या मालाची कारणं वाचा. 'वाटली त्यापेक्षा लहान निघाली', 'कपहोल्डरमध्ये बसत नाही', 'स्ट्रॉमधून गरम पाणी उडालं', 'बर्फ आत जात नाही'. यातली एकही तक्रार बाटलीच्या दर्जाची नाही. म्हणून या पानांवर सगळ्यात जास्त मेहनत तक्त्यावर घ्यायची, आणि तक्त्याच्या ओळी या तक्रारींतूनच काढायच्या. 'प्रीमियम फिनिश: आहे, आहे, आहे, आहे, आहे' अशी ओळ मला नको. जिथे पाचही रकान्यांत एकच उत्तर येतं ती ओळ तक्त्यातून बाद.

क्रम

साध्या ए प्लसमध्ये एका पानाला ५ मॉड्यूल मिळतात. आपण चारच वापरू.

१. वरचा बॅनर, ९७० × ६००, सोबत त्या बाटलीची छोटी गोष्ट.
२. तुलना तक्ता.
३. तीन चित्रं, प्रत्येकी ३०० × ३००: झाकण, तोंड, तळ.
४. धुणं आणि वापर, एक चित्र आणि मजकूर.

तक्ता सहसा सगळ्यात खाली टाकतात. आपण तो दुसऱ्या क्रमांकावर घेतोय, कारण मोबाइलवर तिथपर्यंत बोट पोचेल याची खात्री धरता येत नाही. पानं पाच, बॅनर पाच, तक्ता मात्र एकच. ज्या बाटलीचं पान तिचा रकाना पहिला आणि ठळक. फोनवर तक्ता आडवा सरकतो, त्यामुळे पहिले दोन रकाने सगळ्यांना दिसतात, उरलेले शोधणाऱ्याला. दुसऱ्या रकान्यात त्या बाटलीऐवजी ज्याची सर्वांत जास्त शक्यता ती ठेवा: ५००च्या पानावर ७५०, स्ट्रॉच्या पानावर ५००.

तक्ता

| | ३५० मिली | ५०० मिली | ७५० मिली | १ लिटर | ६०० मिली स्ट्रॉ |
|---|---|---|---|---|---|
| उंची | १९ सेंमी | २५ सेंमी | २७ सेंमी | २९ सेंमी | २६ सेंमी |
| बुडाचा व्यास | ६.५ सेंमी | ७ सेंमी | ७.५ सेंमी | ८.८ सेंमी | ७.२ सेंमी |
| रिकामी वजन | २३० ग्रॅम | ३०० ग्रॅम | ३९० ग्रॅम | ५२० ग्रॅम | ३४० ग्रॅम |
| तोंडाची रुंदी | ३.२ सेंमी | ३.२ सेंमी | ५.५ सेंमी | ५.५ सेंमी | ४.८ सेंमी |
| गरम पेय | चालेल | चालेल | चालेल | चालेल | चालणार नाही |
| ९५ अंशांचं पाणी ६ तासांनी | ६२ अंश | ६७ अंश | ६८ अंश | ७३ अंश | लागू नाही |

शेवटच्या ओळीवरून कुरकुर होणार, की ३५० कमी पडलेली दिसते. दिसू द्या. लहान बाटलीत पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती लवकर निवते. ते लपवलं तर तीच बाटली परत येते. हे आकडे आपल्याच चाचणीचे आहेत, म्हणून चाचणीची पद्धत तिसऱ्या मॉड्यूलमध्ये एका वाक्यात द्या: खोलीचं तापमान २५ अंश, झाकण बंद, मधे एकदाही न उघडता. 'तासन् तास गरम' हे शब्द कुठेही दिसता कामा नयेत.

या तक्त्यात फक्त आपल्याच बाटल्या येऊ शकतात, जास्तीत जास्त ६. दुसऱ्या कंपनीचं नाव किंवा 'इतर बाटल्या' असा रकाना घातला तर कंटेंट नामंजूर होईल.

बॅनरखालच्या गोष्टी

प्रत्येकीला एकच प्रसंग, एकच माणूस. गुणांची यादी नको, ती तक्त्यात आहेच. मसुदा खाली देतोय. शब्द बदला, पण लांबी वाढवू नका.

*३५० मिली.* बैठक दहा मिनिटांची ठरली होती. दीड तास झाला, समोरचा कप केव्हाच गार पडला. पर्समधून बाटली काढली, झाकण फिरवलं. वाफ अजून होती.

*५०० मिली.* सकाळी घाईत भरली, बॅगेच्या कडेला खोचली आणि विसरून गेलात. दुपारी तहान लागली तेव्हा आठवलं. पाणी सकाळी भरलं तसंच, गार.

*७५० मिली.* बर्फ आधी, पाणी नंतर. तुकडे फोडावे लागले नाहीत, चमच्याने ढकलावे लागले नाहीत. रात्री ब्रशही तळापर्यंत गेला.

*१ लिटर.* ही खिशात मावणारी नाही. टेबलावर ठेवायची, संध्याकाळपर्यंत पुन्हा भरायला उठायचं नाही. हातातलं काम तुटत नाही.

*६०० मिली स्ट्रॉ.* सायकल चालू, एक हात हँडलवर. झाकण अंगठ्याने उघडलं, मान मागे न टाकता घोट घेतला. फक्त थंड पेयांसाठी.

लिटरच्या गोष्टीत 'खिशात मावणारी नाही' हे मुद्दाम पहिलं वाक्य आहे. ते कापू नका. स्ट्रॉच्या गोष्टीचं शेवटचं वाक्यही तसंच. गरम द्रव भरून झाकण लावलं की आत दाब वाढतो आणि उघडताक्षणी तो स्ट्रॉमधून वर येतो. यात अंग भाजू शकतं, त्यामुळे हा इशारा तक्त्यात, गोष्टीत आणि चौथ्या मॉड्यूलमध्ये, तीनही ठिकाणी येईल. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

कारखाना, ब्रँड कसा सुरू झाला, हे सगळं ब्रँड स्टोरीत जाईल. ती वेगळी जागा आहे, तिचं काम पुढच्या फेरीत.

काय लिहायचं नाही

किंमत, सवलत, डिलिव्हरी, वॉरंटी, ग्राहकांचे अभिप्राय, फोन नंबर, वेबसाइट. 'नवीन' आणि 'आता' यांसारखे वेळेला बांधलेले शब्दही. आणि गंमत म्हणजे, ज्या गुणामुळे या पाच निवडल्या तोच लिहिता येत नाही: 'बेस्ट सेलर' हा शब्द बॅनरवर, चित्रात, कुठेही चालत नाही. 'पर्यावरणपूरक' तर हाताशी पुरावा असल्याशिवाय नकोच.

डिझाइनसाठी

चित्रावर मजकूर छापू नका. फोनवर तो मुंगीएवढा होतो. मजकूर मजकुराच्या जागी. तक्त्यातली चित्रं १५० × ३००, आणि पाचही बाटल्या एकाच प्रमाणात हव्यात. आत्ताच्या फोटोंत ३५० आणि लिटर सारख्याच उंच दिसतात, 'लहान निघाली'चं मूळ तिथेच आहे. पाचही एका रांगेत उभ्या करून एकदाच फोटो काढा आणि त्यातून कापा. फाइल २ एमबीच्या आत, आरजीबी.

ऑल्ट टेक्स्ट १०० अक्षरांत, चित्रात दिसतं तेच: 'हिरवी ७५० मिली स्टीलची बाटली, उघडं रुंद तोंड, आत बर्फाचे तुकडे'.

लिस्टिंगसाठी

प्रत्येक कंटेंट त्या बाटलीच्या सगळ्या रंगांच्या एएसआयएनना जोडा. निळीच्या पानावर आहे आणि काळीच्या नाही, असं होऊ देऊ नका. तपासणीला ७ कामाचे दिवस लागू शकतात, म्हणून सगळ्यात आधी स्ट्रॉचं पान पाठवा. त्यावर काही आक्षेप आला तर बाकीची चार पाठवण्याआधी दुरुस्ती करता येईल. आक्षेपाचं कारण जसं येईल तसंच या फाइलमध्ये उतरवा, स्वतःच्या शब्दांत नको.

पानं लागल्यावर रूपांतराच्या दराबरोबर परतीची कारणंही दर पंधरवड्याला काढा. ५००च्या पानावर भेटी पुरेशा आहेत, तिथे मॅनेज एक्सपेरिमेंट्समधून तक्ता दुसरा विरुद्ध तक्ता चौथा अशी तुलना लावू. तक्ता वर घेतल्याने ५००ची विक्री थोडी उतरून ७५०ची चढली तर घाबरून तो खाली नेऊ नका. आधी दोन्हींच्या परतीचे आकडे मला दाखवा.