महालातलं आपलं मॅचिंग सेंटर आता छत्रपती चौकात

स्लाइड 1
1984 पासून महालात, बडकस चौकाजवळ.
येत्या गुढीपाडव्यापासून वर्धा रोडवर, छत्रपती चौकात.
नवा पत्ता शेवटच्या स्लाइडवर आहे.

स्लाइड 2
बाबांनी दुकान टाकलं तेव्हा फळीवर अस्तर, फॉल आणि दोऱ्यांची रिळं, एवढंच होतं. ब्लाउजपीस, लेस, लटकन नंतर आले. कुणी साडी घेऊन आलं की बाबा ठाण खांद्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "चला जी, पायरीवर." ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि चिंतामणी एकच वाटतात. पायरीवरच्या उजेडात पदराशेजारी कापड धरलं की फरक लगेच कळतो. मॅचिंग उजेडातच करायचं, हे आम्ही त्या पायरीवर शिकलो.

स्लाइड 3
मनापासून आभार!
रुखवतापासून डोहाळजेवणापर्यंत प्रत्येक साडी आमच्याकडे घेऊन येणाऱ्या काकू, मावश्या, ताई, तुमचे. "हा रंग नाही जुळत," असं आम्ही म्हटल्यावर न रागावता परत आलात, त्याचे तर विशेष.
आणि महालातल्या टेलरकाकांचे. कापडाचा तुकडा टाचणीने टोचलेली तुमची चिठ्ठी घेऊन पोरगं यायचं. त्यावर फक्त "अस्तर, सुती, सव्वा मीटर" एवढंच लिहिलेलं असायचं. त्या चिठ्ठ्यांवर आमचं घर चाललं.

स्लाइड 4
जागा का सोडतोय?
इमारत फार जुनी झाली आहे, ती पाडून नवी बांधायची आहे. पायरी सोडताना जीव जड होतोय. नवी जागा शोधताना आम्ही भाड्याच्या आधी एकच गोष्ट विचारत होतो: दिवसाचा उजेड काउंटरवर येतो का? इथे येतो. समोरची पूर्ण बाजू काचेची आहे.

स्लाइड 5
हे लक्षात असू द्या
• फॉल-पिकोला दिलेल्या साड्या पाडव्याआधीच्या रविवारी रात्री 8 पर्यंत जुन्या दुकानातून न्या. राहिलेल्या साड्या नावाची चिठ्ठी लावून नव्या दुकानात ठेवू. पावती हरवली तरी काळजी नको.
• सोमवारपासून पाडव्यापर्यंत सामान हलवायला दुकान बंद.
• लग्नसराईच्या ऑर्डर फोनवर घेतोच आहोत. सुती अस्तर आटतं, म्हणून भिजवून-वाळवून द्यायला एक दिवस जास्त धरा.

स्लाइड 6
नवा पत्ता
मॅचिंग सेंटर, तळमजला,
छत्रपती चौक मेट्रो स्टेशनजवळ,
वर्धा रोड, नागपूर

महाल-इतवारीकडून मेट्रोने येत असाल तर सीताबर्डीला गाडी बदला, खापरीकडे जाणाऱ्या ऑरेंज लाइनने छत्रपती चौकाला उतरा.

वेळ: सकाळी 10 ते रात्री 8, सोमवारी बंद.
फोन नंबर तोच, काउंटरवरची माणसंही तीच.

पाडव्याला सकाळी 10 वाजता बाबा स्वतः दार उघडतील. साडी घेऊन या, चहा आमच्याकडे.