पाय सरळ झाले, आता बुटांसाठी मागतोय

नमस्कार मंडळी, थोडाच वेळ घेतो तुमचा, आणि एकाच मुलीबद्दल बोलतो. नाव सांगणार नाही, तिची आई म्हणाली गोष्ट खुशाल सांगा पण उद्या पोरीला कुणी त्यावरून ओळखायला नको, आणि तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

ही जन्मली तेव्हा दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे समोरासमोर. क्लबफूट. हजारात साधारण एका बाळाला असतं आणि आईच्या चुकीने होत नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण त्या माउलीला घरात काय काय ऐकावं लागलं ते तिने आम्हाला सांगितलंय.

उपचार मात्र फार सुंदर आहे हो. डॉ. पोन्सेटींची पद्धत, मोठं ऑपरेशन नाही, दर आठवड्याला पाय हाताने थोडा थोडा वळवायचा आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर, हिला सहा लागली, मग टाचेच्या मागच्या शिरेला बारीक छेद, परत तीन आठवडे प्लास्टर, आणि पाय सरळ! सगळे फोटो इथेच काढले जातात, देणग्याही बहुतेक इथपर्यंतच येतात.

पण पाय परत वळू शकतो. म्हणून एका दांडीला जोडलेले दोन बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपताना, तेही चार-पाच वर्षांची होईपर्यंत. बुटाला मागे एक छोटी खिडकी असते, आई रोज रात्री त्यातून बघते टाच खाली टेकलीय का, नाहीतर पट्टे सोडून पुन्हा पहिल्यापासून, आणि पोरगी तोवर किंचाळत असते.

मुलं वाढतात, बूट वाढत नाहीत. मध्यंतरी हिची बोटं पुढे दाबायला लागली, रात्रभर रडायची, आईने शेवटी बूट काढून ठेवले, आणि पुढचं माप आमच्या कपाटात शिल्लक नव्हतं. ते येईपर्यंत काही आठवडे गेले आणि उजवं पाऊल पुन्हा आत. परत प्लास्टर, त्या आईने परत सगळं सोसलं. आता ती अडीच वर्षांची आहे, पळते, आणि अजून निदान दीड वर्ष तिला बूट लागणारेत.

मला आज तुमच्याकडून एकदाच मोठी रक्कम नकोय, खरंच. दर महिन्याला थोडं द्या, पण बूट सुटेपर्यंत द्या, म्हणजे प्रत्येक माप आधीच आणून ठेवता येईल. टेबलवरच्या कार्डावर पहिला चौकोन एका मुलाच्या बुटांचा आहे, दुसरा आईच्या येण्याजाण्याच्या भाड्याचा, कारण भाड्याला पैसे नाहीत म्हणून तपासणी चुकवणाऱ्या आया आम्ही बघतो. दुसऱ्यावर कुणी खूण करत नाही, प्लीज करा.

बँकेचा फॉर्म कार्डाच्या मागे आहे, आमचे कार्यकर्ते आत्ताच टेबलांवर येतायत, काही अडलं तर त्यांना विचारा.